मुगाच्या डाळीचा रवाळ हलवा: तुपात डाळ कशी भाजायची, कुठवर भाजायची

मराठवाड्यात मूग निघतो तो पोळ्याच्या आगेमागे, आणि महालक्ष्म्या येईपर्यंत नव्या मुगाची डाळ घरात आलेली असते. सणाच्या जेवणात पुरण असतंच. पण हल्ली पाहुणे येणार म्हटलं की एका वेळी तरी मूगडाळीचा हलवा होतो. जालना, लातूरकडच्या मारवाडी लग्नांत तो आपण सगळ्यांनी खाल्लेला आहे: दाणा न् दाणा सुटा, तांबूस, वाटी टेबलावर येण्याआधीच वास येणारा. तोच हलवा घरी केला की बऱ्याचदा पिवळट, चिकट होतो आणि खाताना मागे कच्च्या डाळीची चव राहते. मग आपण म्हणतो, आचारी तूप जास्त घालतात. तूप ते घालतातच, पण खरा फरक भाजण्यात असतो, आणि त्यातही भाजणं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे ओळखण्यात.

या लेखात मी पाव किलो डाळीचा हलवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगते. एवढ्यात दहा-बारा जणांना वाटीभर होतो. जास्त वेळ भाजण्यावरच घालवणार आहे, कारण बाकीचं सगळं दहा मिनिटांचं काम आहे.

साहित्य

धुतलेली (सालं काढलेली) पिवळी मूगडाळ पाव किलो, साजूक तूप पाव किलो, साखर पाव किलो (कमी गोड आवडत असेल तर २०० ग्रॅम), दूध अर्धा लिटर, पाणी अर्धा लिटर, एक मोठा चमचा बारीक रवा, सात-आठ वेलदोड्यांची पूड, केशर असेल तर चिमूटभर, बदामाचे काप. खवा घातला तर १०० ग्रॅम पुरे. मी सहसा घालत नाही. डाळ नीट भाजली असेल तर खव्याने तिचा वास दबतो असं माझं मत आहे. भाजण्यात कसर राहिली असेल तेव्हा मात्र खवा अब्रू राखतो.

तूप पाहून घाबरू नका. वजनाला डाळीइतकं तूप हे खरं प्रमाण आहे. २०० ग्रॅमपर्यंत खाली येता येतं, पण त्याखाली गेलात तर डाळ भाजली न जाता कढईला चिकटून करपते.

भिजवणं आणि पाणी

डाळ तीन-चार पाण्यांनी धुवा. पॉलिश केलेली चकचकीत डाळ असेल तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा. मग बुडून वर चार बोटं राहील इतकं पाणी घालून ठेवा.

किती वेळ, हे ऋतूवर आहे. थंडीत चार तास लागतात. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे टाकीतलं पाणीच कोमट असतं, तेव्हा अडीच-तीन तासांत डाळ तयार होते, आणि त्याहून जास्त ठेवली तर फेस धरून आंबूस होऊ लागते. म्हणून रात्रभर भिजवू नये. शिवाय इतकी भिजलेली डाळ मिक्सरमध्ये पटकन लगदा होते, आणि लगदा हा या हलव्याचा शत्रू आहे. घड्याळापेक्षा नखावर विश्वास ठेवा. एक डाळ नखाने मधोमध तोडून बघा. आत कोरडी पांढरी रेघ दिसली तर अजून अर्धा तास. सगळी एकसारखी पिवळी आणि ठिसूळ असली तर उपसा.

आता पाण्याचं. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. कुकरमध्ये वरणाची डाळ शिजायला जास्त शिट्ट्या लागतात त्याचं कारण हेच: पाण्यातल्या कॅल्शियमसारख्या क्षारांमुळे डाळीचं आवरण लवकर मऊ पडत नाही. हलव्यातही तेच होतं. दाणा भाजून तयार होतो, पण नंतर पाणी-दूध घातल्यावर हवा तितका फुलत नाही आणि दाताखाली कचकच लागतो. म्हणून धुवायला कुठलंही पाणी चालेल, भिजवायला आणि नंतर घालायला फिल्टरचं किंवा जारचं घ्या.

भिजलेली डाळ चाळणीत उपसून वीस मिनिटं निथळू द्या, मग सुती कापडावर दहा मिनिटं पसरा. पाव किलो डाळ भिजून साधारण अर्धा किलो होते. म्हणजे तिच्या पोटात जवळजवळ पाव लिटर पाणी गेलेलं असतं. हा आकडा लक्षात ठेवा. भाजताना हेच पाणी आपल्याला बाहेर काढायचं आहे, त्यामुळे कपड्यावर टिपलेला आणि वाटताना न घातलेला प्रत्येक चमचा आपली दोन-तीन मिनिटं वाचवतो.

वाटण

मिक्सरच्या लहान भांड्यात अर्ध्याच्या खाली डाळ घ्या आणि पाण्याचा थेंबही न घालता थांबून थांबून फिरवा. बटण एक-दोन सेकंद दाबायचं, सोडायचं, कडेची डाळ चमच्याने खाली लोटायची, पुन्हा दाबायचं. दोन बोटांत चोळल्यावर बारीक रव्यासारखं हाताला लागलं पाहिजे. चमच्यावर घेऊन उलटा केला तर पटकन ओघळू नये.

याहून बारीक केलं तर काय होतं हे समजून घेण्यासारखं आहे. डाळीतला स्टार्च तिच्या पेशींच्या आत बंद असतो. जाडसर वाटलं की बहुतेक पेशी शाबूत राहतात, स्टार्च आतच शिजतो आणि दाणा दाण्यापासून वेगळा राहतो. गंधासारखं वाटलं की पेशी फुटतात, स्टार्च बाहेर येतो आणि उष्णता लागताच खळ तयार होते. मग ती चिकट खळ सुटी करायला तुम्ही तास-दीड तास हात मोडला तरी दाणा परत येत नाही. उलट बाजूने, अख्खी अर्धी डाळ राहिली तर तीही चालत नाही. बाकीचं भाजून होईस्तोवर तिच्या आतला भाग ओलाच असतो आणि हलव्यात ती खड्यासारखी येते. म्हणून वाटण ताटात पसरून अख्खे तुकडे दिसले तर तेवढेच परत फिरवा.

पाटा-वरवंटा असेल आणि हातात ताकद असेल तर पाट्यावरचं वाटण सर्वांत छान येतं, कारण कुठे थांबायचं ते हाताला कळतं. लाइट गेलेली असताना तर तोच उपाय उरतो.

वाटण फार बारीक झालंच तर ते टाकू नका. इडलीपात्रात तुपाचा हात लावून पंधरा मिनिटं वाफवा, पूर्ण गार करा आणि हाताने कुस्करून किंवा जाड किसणीवर किसून मग भाजायला घ्या. दाणा मूळच्यासारखा येत नाही, पण खळ होण्यापेक्षा शंभरपट बरा.

कढई

बिडाची किंवा जाड लोखंडी कढई उत्तम. पितळेची जाड बुडाची, कल्हई केलेली असेल तरी छान, फक्त ती रिकामी आचेवर विसरू नका. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं. हलव्याची डाळ तिथपर्यंत कधी जात नाही, पण रिकामी कढई सहज जाते. पातळ जर्मनच्या कढईत ज्योतीच्या बरोबर वर एक गोल चट्टा तापतो आणि तिथली डाळ आधी लाल होते. दुसरी नसेल तर तिच्याखाली जुना तवा ठेवा.

ढवळायला सराटा किंवा सपाट कडेचं लाकडी उलथनं घ्या. गोल डावाने बूड खरवडलं जात नाही, आणि पहिल्या वीस मिनिटांत खरवडणं हेच काम आहे.

भाजण्याआधी समजून घेण्याची एक गोष्ट

आपण सगळ्याला मिळून 'भाजणं' म्हणतो, पण कढईत एकामागून एक दोन वेगळी कामं होत असतात. आधी डाळ वाळते. ती वाळली की मग भाजते.

डाळीत पाणी आहे तोवर खाली कितीही आच लावा, दाण्याचं तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. या काळात डाळ शिजते आणि कोरडी होत जाते, पण तिला भाजका वास येत नाही, येऊच शकत नाही. पाणी सरलं की दाणा तापू लागतो आणि १४० अंशांच्या आसपास डाळीतली प्रथिनं आणि साखर यांच्यात प्रक्रिया सुरू होते. पावाच्या कडेला, चकलीला, खमंग भाजलेल्या बेसनाला जो रंग आणि वास येतो तो याच प्रक्रियेचा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मैलार्ड यांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला मैलार्ड प्रक्रिया म्हणतात.

याचा स्वयंपाकघरातला अर्थ असा: पहिल्या कामाला मध्यम आच चालते, कारण पाणी डाळीची राखण करतं. दुसऱ्या कामाला मात्र मंदच आच हवी, कारण आता राखण करणारं कोणी उरलेलं नसतं. आपल्याकडे बरोबर उलटं होतं. सुरुवातीला भीतीपोटी गॅस अगदी बारीक ठेवतात, तास जातो, हात भरून येतो, आणि मग 'आता उरकून टाकू' म्हणून शेवटी गॅस मोठा करतात. त्यात बाहेरून लाल आणि आतून फिका दाणा तयार होतो.

दुसरी चूक याहून जास्त घरांत होते. डाळीला तूप सुटलं की झालं, असं आपल्याला शिकवलेलं असतं. बाकी पुष्कळ पदार्थांत ते खरं आहे. इथे तूप सुटणं ही फक्त डाळ वाळल्याची खूण आहे. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी हलव्याची डाळ भाजताना एक पोर घाईघाईने विचारत होती, "मावशी, तूप सुटायलंय, उतरवू का?" मावशींनी मान वर न करता सांगितलं, "थांब माय, आत्ता कुठं वाळली ती. भाजायची ऱ्हायलीच की." एवढं एक वाक्य कळलं तर निम्मा हलवा जमला.

आता भाजू

कढईत पावणेदोनशे ग्रॅम तूप घाला, म्हणजे एकूण तुपातलं पाऊण भागाला जरा कमी. ते वितळून कोमट-गरम झालं की एक चमचा रवा टाका आणि मिनिटभर परता. रव्याचे कण बुडाला पसरतात आणि ओली डाळ थेट धातूला चिकटत नाही. बिडाची मुरलेली कढई असेल तर रव्याशिवायही भागतं, स्टीलच्या कढईत मात्र नक्की टाका. मग लगेच सगळं वाटण घाला. तूप धूर येईपर्यंत तापवायचं नाही. कडकडीत तुपात ओलं वाटण पडलं की त्याच्या बाहेर झटकन कवच धरतं आणि आत ओलं राहिलेल्या गुठळ्या होतात. त्या पुढे फोडणं जिवावर येतं.

*पहिली दहा मिनिटं, मध्यम आच.* वाटण तूप पिऊन टाकल्यासारखं दिसतं आणि काही मिनिटांत सगळ्याचा एक जड गोळा होतो. तो कढईच्या बुडाला धरतो. इथे बरेच जण धीर सोडतात आणि आणखी तूप ओततात. ओतू नका. तूप कुठेही गेलेलं नाही, ओल्या डाळीने ते धरून ठेवलंय आणि कोरडी झाली की ती परत देणार आहे. आत्ता ओतलेलं तूप शेवटी हलव्यावर तळं होऊन तरंगतं. या दहा मिनिटांत सराट्याची कड बुडाला टेकवून कढईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खरवडत राहायचं आणि गोळा उलटवत राहायचं. उग्र कच्चा वास येईल. तो येणारच.

*दहा ते वीस मिनिटं, अजून मध्यमच आच.* गोळा जागोजागी चिरतो. आता सराट्याच्या पाठीने गुठळ्या कढईच्या कडेवर दाबून फोडायच्या. वाफ भरपूर दिसते, वास बदलून शिजलेल्या वरणासारखा होतो. सुपारीएवढ्या गुठळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की राहिलेल्या तुपातलं ५० ग्रॅम कडेने सोडा. हे तूप गुठळ्यांच्या फटींत शिरतं आणि त्या सुट्या व्हायला मदत करतं.

पंचवीस मिनिटं झाली तरी गुठळ्या फुटत नसतील तर हट्ट करू नका. गॅस बंद करा, डाळ परातीत काढून हाताला सोसेल इतकी गार करा आणि मिक्सरमध्ये दोन-तीनदा नुसतं बटण दाबून सोडा. पुन्हा कढईत घाला. आचारी हेच काम जाड चाळणीवर चोळून करतात. डाळ या टप्प्यावर शिजून घट्ट झालेली असते, त्यामुळे आता तिचा लगदा होत नाही.

*वीस ते तीस-पस्तीस मिनिटं, आच थोडी कमी.* गुठळ्यांचा भुगा होतो आणि भुग्याचे दाणे. इथे कान उघडे ठेवा. इतका वेळ कढईतून ओली चरचर येत असते, तिचा आवाज हळूहळू बारीक होत जातो. तुपावर फेस दिसत असेल तर तोही बसू लागतो. फेस म्हणजे निघणाऱ्या पाण्याचे बुडबुडे. सराटा हाताला हलका लागतो, डाळ त्याच्यावरून वाळूसारखी घसरते, आणि कढई जरा कलती केली की कडेला पातळ तूप जमा झालेलं दिसतं. तूप सुटलं. मावशी म्हणाल्या ती जागा ही.

*इथून पुढे बारा ते पंधरा मिनिटं, मंद आच, हात न थांबवता.* हा हलव्याचा गाभा आहे. डाळीचा रंग अजून फिका पिवळा असतो. पाच मिनिटांत तो सोनेरी होतो आणि बेसनाचे लाडू करताना येतो तसा वास घरात फिरू लागतो. बहुतेक जण याच वासावर उतरवतात, पण अजून थोडं पुढे जायचं आहे. आणखी सात-आठ मिनिटांत सोनेरीचा तांबूस होतो आणि वासातला डाळपणा जाऊन सुक्यामेव्यासारखा खमंगपणा येतो.

रंग कढईत बघू नका. काळ्या कढईत, त्यातही ट्यूबलाइटखाली, सगळंच जास्त लाल दिसतं. पाव चमचा डाळ पांढऱ्या बशीत काढा, मिनिटभर गार होऊ द्या आणि तीन गोष्टी बघा. रंग बदामाच्या सालीहून दोन छटा फिका असावा. बोटांत चिरडली तर दाणा कुरकुरीत तुटावा, चिकट पीठ होऊ नये. तोंडात टाकल्यावर शेवटी जिभेवर कच्च्या मुगाची तुरट चव राहू नये. तिसरी परीक्षा सर्वांत खरी. रंग जमला पण चव तुरट आहे असं झालं तर समजा आच मोठी होती. गॅस अगदी बारीक करा आणि चार-पाच मिनिटं आणखी द्या.

या टप्प्यात फोन आला तर गॅस बंद करूनच घ्या. कोरडी झालेली डाळ अर्ध्या मिनिटात बुडाला लागते. काळे ठिपके दिसले तर बूड खरवडू नका. वरची डाळ अलगद दुसऱ्या भगुन्यात काढा, कढई धुवा आणि पुढे चला. खरवडलंत तर तेवढ्या करपलेल्या चमचाभराचा कडूपणा सगळ्या हलव्याला लागतो आणि तो साखरेने झाकत नाही.

पाणी, दूध आणि साखर

शेवटची दहा मिनिटं उरलेली असतानाच शेजारच्या शेगडीवर पाणी आणि दूध वेगवेगळ्या भांड्यांत उकळत ठेवा. ही तयारी आधी नसली तर पंचाईत होते, कारण गॅस बंद केला तरी जाड कढईत डाळ तापतच राहते. बशीत हवा तो रंग दिसला की तिला थांबवण्याचा एकच उपाय आहे, पाणी. म्हणून हव्या त्या रंगाच्या किंचित अलीकडेच पाणी घालायला तयार राहा.

गॅस बंद करा, तोंड मागे घ्या आणि लांब दांड्याच्या डावाने उकळतं पाणी थोडं थोडं घाला. जोरात फसफसतं आणि वाफेचा लोट येतो. हाताची बाही खाली ओढलेली असू द्या आणि पोरांना लांब ठेवा. पाणी गार असेल तर दाणा एकदम आखडतो, नीट फुलत नाही आणि तूपही जास्त उडतं.

सगळं पाणी गेलं की गॅस मंद करून उकळतं दूध घाला, केशर घाला, एकदा ढवळा आणि झाकण ठेवा. सहा-सात मिनिटांत डाळ सगळं पिऊन टाकते आणि दाणा दुपटीने फुगतो. एक दाणा बोटांत दाबा. मऊ दबला आणि मध्ये कण लागला नाही तर साखरेची वेळ झाली. कण लागला तर अर्धी वाटी गरम पाणी आणि आणखी तीन मिनिटं झाकण.

साखर याआधी घालायची नाही, काही झालं तरी. साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते. दाणा पुरेसा फुलण्याआधी ती पडली तर दाण्याला पाणी मिळत नाही आणि तो आहे तिथेच थांबतो, मग कितीही शिजवा. 'भाजलं तर छान होतं, पण डाळ कडक राहिली' अशी तक्रार असेल तर बहुधा साखर घाईने पडलेली असते, नाहीतर पाणी जड होतं.

साखर घातल्यावर हलवा पुन्हा सैल होतो. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं परतला की तो कढई सोडू लागतो. राहिलेलं २५ ग्रॅम तूप कडेने घाला. तूप परत बाजूला दिसलं की (यावेळी ती खरंच उतरवण्याची खूण) वेलदोड्याची पूड आणि बदाम घालून गॅस बंद करा. वेलदोडा भाजताना घालू नका, त्याचा वास वाफेबरोबर निघून जातो. खवा घालणार असाल तर तो साखरेबरोबर, कुस्करून.

गूळ घालायचा असेल तर थोडं बदलावं लागतं. गुळाने दूध फाटू शकतं, म्हणून सगळं पाणीच घ्या, एक लिटर. दाणा फुलल्यावर २२५ ग्रॅम चिरलेला गूळ घाला आणि विरघळून आटेपर्यंत परता. रंग गडद होतो आणि चव थोडी पुरणाकडे झुकते. आमच्याकडे जुन्या माणसांना हाच जास्त आवडतो.

जास्त माणसांसाठी

अर्धा किलो डाळ घेतली तर वेळ सरळ दुप्पट करू नका. वाळण्याचा वेळ जवळजवळ दुप्पट होतो, कारण पाणी दुप्पट आहे आणि वाफ निघायला कढईचं तोंड तेवढंच. पण नंतरचं भाजणं थोडंच वाढतं. घरच्या शेगडीवर अर्ध्या किलोच्या वर जाऊ नका. खालची डाळ वर येईपर्यंत बुडाची लागते, आणि एका माणसाच्या हाताने ते पुरं पडत नाही. किलोभर लागणार असेल तर दोनदा भाजा.

ते दोनदा भाजणं एकाच दिवशी करायची गरज नाही. तांबूस झालेली डाळ, तुपासकट, परातीत पसरून लगेच गार करा. कढईतच ठेवली तर रंग पुढे जातो. गार झाल्यावर कोरड्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवली की आठवडाभर छान राहते, डीप फ्रीजरमध्ये त्याहून जास्त. पाणी मात्र अजिबात लागू देऊ नका. महालक्ष्म्यांच्या आधी दोन-तीन दिवस हे काम उरकून ठेवलं की सणाच्या सकाळी फक्त डाळ मंद आचेवर गरम करायची, उकळतं पाणी-दूध घालायचं आणि अर्ध्या तासात हलवा ताटात.

झालेला हलवा उरला तर फ्रिजमध्ये तूप थिजून तो घट्ट होतो. गरम करताना वरून तूप घालू नका, आत आहेच. पाव किलो डाळीच्या अर्ध्या उरलेल्या हलव्याला चार-पाच चमचे गरम दूध शिंपडा, झाकून अगदी मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा आणि मगच ढवळा. गार असताना ढवळला तर दाणे मोडतात.